लाल चिठ्ठीचा डावा बड

तो डावा इअरबड दुरुस्त झाला नसता तर मी उरलेले आठ महिने कंपनीत मान वर करून काढले असते आणि हार-नारळ घेऊन निवृत्त झालो असतो. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. माणसाला कधी कधी वस्तू बिघडलेलीच बरी वाटते. निदान दोष वस्तूवर ढकलता येतो.

मी फिटर. बोईसरच्या एमआयडीसीत कापड रंगवण्याच्या एका कंपनीत तीस वर्षांवर काम केलं. घर चिंचणीला, मागे थोडी वाडी, पुढे ओटा. शिक्षण आयटीआयपर्यंत, पण कंपनीत नवे इंजिनियरसुद्धा मला विचारल्याशिवाय मशीन उघडायचे नाहीत, त्याचं कारण माझा कान. फिरत्या मशीनचं बेअरिंग चांगलं आहे की मरायला टेकलंय, हे मी आवाजावरून सांगायचो. कुणी त्यासाठी स्क्रू ड्रायव्हर वापरतो. माझ्याकडे अर्ध्या इंची पोकळ पाइपचा हातभर तुकडा होता, टोकं घासून गुळगुळीत केलेला. एक टोक बेअरिंगपाशी धरायचं, दुसरं डाव्या कानाला लावायचं. डाव्याच, कारण उजव्या हाताने रेलिंग धरावं लागतं आणि इतक्या वर्षांत तीच सवय झाली. चांगलं बेअरिंग एकसुरी घुमतं, खराब झालेलं आत खडे चावल्यासारखं करतं. कंपनीने कंपन मोजायचं यंत्र आणलं होतं, ते स्टोअरच्या कपाटात पडून होतं. साहेब पाहुण्यांना सांगायचे, आमचं यंत्र हे इथे उभं आहे. मला गुदगुल्या व्हायच्या.

इअरबड मुलीने दिले. ती पालघरला नोकरी करते, तिथेच खोली घेऊन राहते, पंधरा दिवसांनी घरी येते. मी रोज चिंचणीहून एसटीने बोईसरला जातो आणि वाटेत फोन मोठ्याने लावून भजन ऐकतो, ही गोष्ट तिला लाजिरवाणी वाटायची. म्हणाली, "बाबा, लोक तोंडावर बोलत नाहीत, पण वैतागतात." मला राग आला, पण बड आवडले. सुपारीच्या डबीएवढी डबी, आत दोन बाजूंना दोन बड, एकावर एल, एकावर आर.

ऐकायचो ते एकच. आमच्या आळीतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. आळीतल्याच एका घरच्या उत्साही जावयाने दोन माइक लावून ते केलं होतं, एक बुवांसमोर, दुसरा पखवाज आणि मागे म्हणणाऱ्यांसमोर. त्यामुळे डाव्या कानात बुवा आणि उजव्या कानात पखवाज नि मंडळी, अशी सरळ वाटणी. मंडळींत मागे झांज वाजवणारा मी. बुवा आता नाहीत. एसटीत खिडकीशी बसून डोळे मिटले की एका बाजूने बुवा ओळ टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने आम्ही ती उचलायचो. बोईसर कधी यायचं कळायचं नाही.

तर साधारण पाऊस सरता सरता बुवांचा आवाज बारीक झाला. मला वाटलं, बडात मळ गेला असेल. काडीला कापूस लावून पुसला. थोडे दिवस आवाज वाढवून चालवलं. मग एके सकाळी बुवा गेलेच. पखवाज चालू, आमची मंडळी "हो हो" करत ओळ उचलतायत, आणि ओळ टाकणारा कुणी नाही.

मी फिटर आहे, मी असा गप्प बसतो का. डावा बड कानातून काढला, दाबून धरून बंद केला आणि शर्टाच्या खिशात टाकला, मग उजवा एकटाच डबीत ठेवून, परत काढून लावला. काय आश्चर्य, बुवा आले. उजव्याच कानात बुवाही, पखवाजही, सगळे एका जागी दाटीवाटीने बसल्यासारखे. झालं, निकाल लागला. डावा काढल्यावर गाणं पुरं येतं, म्हणजे दोष डाव्यात. ह्या निकालाचा मला अभिमानच वाटला.

आता आमच्या कंपनीत एक नियम आहे. जो पार्ट खराब ठरला त्याला लाल चिठ्ठी बांधायची आणि चांगल्या पार्टांपासून लांब, वेगळ्या रॅकवर ठेवायचं. चुकून कुणी तोच उचलून परत बसवू नये म्हणून. हा नियम माझ्या अंगात इतका मुरलाय की घरी खराब बल्बसुद्धा मी चांगल्या बल्बच्या खोक्यात ठेवत नाही. तो डावा बड मी एका लाल चिठ्ठीत गुंडाळला, दोरा बांधला आणि देव्हाऱ्याशेजारच्या खणात टाकला. बायको म्हणाली, "अहो, जोडीची वस्तू हाय ती. डबीत ऱ्हाऊ द्या." मी म्हटलं, "खराब माल चांगल्या मालाशेजारी ठेवत नाहीत." तिचं बरोबर होतं आणि ते मला पुढे दोन महिन्यांनी कळलं.

त्या दोन महिन्यांत जे झालं ते आता सांगतो.

बॉयलरचा धूर चिमणीकडे ओढणारा एक मोठा पंखा असतो. तो बंद पडला की बॉयलर बंद, बॉयलर बंद की वाफ बंद, वाफ बंद की सगळी कंपनी हात बांधून उभी. त्या पंख्याच्या बेअरिंगांकडे रोज जायचं ते आम्ही दोघं. मी ऐकायला आणि आमचा ऑइलमन ग्रीस मारायला. ऑइलमन जव्हारकडच्या डोंगरातला, चाळिशीचा, ठेकेदाराचा माणूस. पाऊसपाण्यावरचं थोडं भातशेत गावी आणि बाकी वर्षभर बोईसरला एका खोलीत चौघं. सहा वर्षं आम्ही रोज ती लोखंडी शिडी चढलो. कमी बोलायचा. ग्रीस मारून झालं की उलटा हात बेअरिंगवर टेकवून ऊब बघायचा, आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी त्याला चिडवायचो, "हातानं काय कळतं रे, कानानं बघावं." तो हसायचा.

हल्ली बेअरिंगं चांगली यायला लागली आहेत, असं मी त्या काळात सगळ्यांना सांगत होतो. पाइप लावला की आत कसलाच खरखराट नाही. पूर्वी दर महिन्याला एखादं तरी बोलायचं. आता सगळी मुकी. मी वहीत रोज लिहायचो, आवाज ठीक. हे आठवलं की आजही मला माझ्याच मुस्काटात द्यावीशी वाटते.

भातकापणी संपून ऑइलमन गावाहून परत आला त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी आम्ही शिडी चढलो, मी पाइप लावला, वहीत "ठीक" लिहिलं, उतरलो. दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या आधी तो पंखा किंचाळला आणि थांबला. बेअरिंग जॅम होऊन आत फिरणारा शाफ्टसुद्धा खरवडला गेला होता. दोन दिवस कंपनी बंद. वाफेचे पाइप गार पडलेले, डाइंगमधली माणसं दारात बिड्या ओढत उभी, आणि साहेबांचं तोंड असं की कुणी समोर जाईना.

चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, "मिस्त्री, सकाळी तुम्ही ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "ऐकलं. आवाज ठीक होता."

"मग सहा तासांत असं कसं झालं?"

आणि मी म्हणालो, "ग्रीस पोचलं नसेल आत."

चारच शब्द. मी मुद्दाम खोटं बोललो नाही, हे देवाशपथ सांगतो. माझा कान चुकणार नाही याची मला इतकी खात्री होती की मग दुसरं कारण उरतच नव्हतं. कान बरोबर असेल तर ग्रीस चुकलं, ग्रीस चुकलं तर ग्रीसवाला चुकला. बडाच्या वेळी लावला तोच हिशेब. संध्याकाळी ठेकेदाराने ऑइलमनचा गेटपास काढून घेतला. तो माझ्याकडे आला नाही. मी पार्किंगच्या बाजूने गेलो तेव्हा तो गेटबाहेर पिशवी घेऊन उभा होता. मी हात केला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, चूक केली म्हणून शरमला आहे.

पुढच्या पंधरवड्यात मुलगी आली. दुपारचं जेवण झालं, बायको ओट्यावर वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करत बसली होती आणि मी उजवा बड लावून पडलो होतो. मुलीने विचारलं, "दुसरा कुठाय?" मी खण दाखवला. तिने लाल चिठ्ठी सोडली आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, तुम्ही ह्याला दोन महिने डबीबाहेर ठेवलाय?"

"खराब आहे तो."

तिने आधी स्वतःच्या कानांत दोन्ही लावून बघितले. डावा मुका. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, "बघ, मी काय सांगत होतो."

"हा मुका आहे कारण हा मेलाय," ती म्हणाली. "चार्जिंगच नाही ह्याला. आणि तुम्ही एकट्या उजव्याला इतके दिवस चालवलंत, त्यामुळे आता उजवा ह्याला ओळखतही नसेल. हे फोनला वेगवेगळे जोडत नाहीत बाबा. आधी हे एकमेकांना जोडले जातात आणि मग जोडीने फोनला. त्यासाठी दोघांना एका डबीत ठेवावं लागतं."

मग ती तिथेच जमिनीवर मांडी घालून बसली आणि मी बाजूला बसून तिचं काम बघू लागलो. दुसऱ्याचं काम बघताना खोड काढायची माझी सवय आहे, पण त्या दिवशी काढता आली नाही. तिने डावा बड डबीत ठेवला. डबीवरचा डाव्या बाजूचा दिवा लागला नाही. बडाच्या बुडाला दोन पितळी ठिपके असतात आणि डबीत त्यांच्यासमोर दोन बारीक पिना, तिथून चार्जिंग जातं. आमच्याकडची खारी हवा, त्यात खणातली उदबत्तीची राख. ठिपके काळे पडले होते. तिने कोरड्या कापसाने ते पुसले, पिनाही हलक्या हाताने पुसल्या, पाणी नाही की थुंकी नाही. परत ठेवला, दिवा लागला. "आता तासभर राहू दे," म्हणाली. तासभर आम्ही चहा प्यायलो आणि तिने मला नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या.

मग तिने माझ्या फोनात ब्लूटूथची यादी उघडली, त्यातलं बडाचं नाव दाबून "विसरा" केलं. बायकोच्या फोनातलं ब्लूटूथही बंद करायला लावलं, कारण मी एकदा तिच्या फोनालाही बड जोडले होते आणि मध्येच तो त्यांना ओढून घेईल म्हणाली. खोक्यातला कागद मी जपून ठेवला होता, तो तिने वाचला. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असते म्हणे. आमच्या बडांची अशी होती: दोन्ही डबीत, झाकण उघडं, आणि डबीच्या मागचं बटण दिवे लाल-पांढरे लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं. तिने धरलं. मी मनात दहापर्यंत मोजलं तेव्हा दिवे लुकलुकले. झाकण लावलं, थोडं थांबली, उघडलं आणि दोन्ही बड एकदम बाहेर काढून पाटावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही लुकलुकत होते. जरा वेळाने डाव्याचा दिवा थांबला, उजव्याचा चालूच राहिला.

"थांबला. बिघडला परत," मी म्हटलं.

"बिघडला नाही. जोडला गेला. आता एकच दिवा फोनची वाट बघतोय."

फोनात नाव पुन्हा आलं, एकच. तिने त्यावर बोट ठेवलं, जोडलं. "लावा तुमचे बुवा," म्हणाली आणि दोन्ही बड माझ्या हातात दिले.

मी लावले. पखवाज आला. झांज आली. मंडळी ओळ उचलू लागली. बुवा नाहीत.

मी म्हटलं, "काय केलंस हे? मघाशी एका बडात गाणं पुरं होतं. तुझ्या दुरुस्तीनं अर्धं झालं."

तिने सगळं पहिल्यापासून केलं. फोनातून काढलं, डबी, बटण, दिवे, जोडणी. फोनच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं कमीजास्त करायची पट्टी असते, ती मधोमध आहे ना तेही बघितलं. मधोमध होती. मी परत लावले. परत पखवाज आणि बिनबुवांची मंडळी. आता माझा आवाज चढला. म्हणालो, "तुम्हा लोकांना वस्तू बदलायच्या कळतात, दुरुस्त करायच्या कळत नाहीत. डावा मेलेला आहे, मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. मला आवाजातलं शिकवू नकोस." बोंबील टाकून बायको आत आली.

मुलीने माझ्या डाव्या कानातला बड काढून स्वतःच्या कानात घातला. तिचा चेहरा मी बघत होतो. तो बदलला. तिने बड काढून आईच्या कानाशी धरला. बायको ऐकत राहिली आणि हळूच म्हणाली, "बुवा गातात."

फिटरच्या कामातला पहिला धडा काय असतो, तर पार्टची अदलाबदल करून बघा. दोष पार्टबरोबर फिरला तर पार्ट खराब, दोष जागेवरच राहिला तर जागा खराब. हे मी पन्नास पोरांना शिकवलं असेल. आणि दोन महिने मी स्वतः ते करून बघितलं नव्हतं. कारण सांगायचो की एल म्हणजे डावा आणि आर म्हणजे उजवा, डाव्या बाजूचा पार्ट उजवीकडे बसवत नसतात. ते कारण खोटं होतं. आत कुठेतरी मला बघायचं नव्हतं.

आता मी डावा बड उजव्या कानात कोंबला. वाकडा बसला, पण बुवा आले, अगदी स्वच्छ, श्वास घेतलेलासुद्धा कळेल इतके. उजवा बड डाव्या कानात घातला. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला. कानाच्या पाळीला नुसती थरथर लागली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "एकटा बड चालतो तेव्हा तो दोन्हीकडचं गाणं एकत्र करून देतो. म्हणून तुम्हाला बुवा ऐकू येत होते. आता जोडी जुळली म्हणून ते परत डावीकडे गेले. कधीपासून असं आहे?"

मला बड, बुवा, कान यांतलं काहीच दिसत नव्हतं. मला पाइप दिसत होता. डाव्या कानाला लावलेला पाइप, मुकी बेअरिंगं आणि वहीतली माझी अक्षरं, आवाज ठीक, आवाज ठीक. एवढ्या मोठ्या पंख्याशेजारी उभं राहून मला आत काहीच ऐकू येत नव्हतं आणि त्यालाच मी चांगलं बेअरिंग म्हणत होतो. मी ओट्यावर जाऊन बसलो. वाईट वाटलं म्हणणं कमी आहे. मला भीती वाटली, मग स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानेच सांगितलं की माझा डावा कान गेला आहे, त्या दिवशी मी काही ऐकलंच नव्हतं, ग्रीसवर मी उगाच ढकललं, त्या माणसाला परत घ्या. साहेबांनी दार लावलं. म्हणाले, "मिस्त्री, रिपोर्ट वर गेलाय. आठ महिने राहिलेत तुमचे. कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, लिहून देतो. दिलं. मला कानाच्या डॉक्टरकडे पाठवलं आणि मग स्टोअरमध्ये बसवलं. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मशीनमध्ये उघड्या कानाने, गेलेलं परत येत नाही. ऑइलमनचा विषय ठेकेदाराकडे गेला आणि ठेकेदाराने खांदे उडवले. म्हणाला, "वो तो भट्टी पे गया, बीवी-बच्चे लेके. अब सीझन खतम होने पे मिलेगा." डोंगरातली माणसं भात उरकलं की वीटभट्टीवर जातात, तसा गेला. बोईसरची नोकरी लागल्यापासून त्याची भट्टी सुटली होती, हे मला त्यानेच एकदा अभिमानाने सांगितलं होतं.

जुन्या हजेरीपटावर त्याचा फोन नंबर होता. मी तीन दिवस लावला, बंद. चौथ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरच्या दारात बसून लावला आणि लागला. मुलीने जाताना माझ्या फोनात एक सेटिंग करून दिलं होतं, त्याने दोन्हीकडचं सगळं एकत्र होऊन एकाच कानात येतं. उजवा बड लावून बसलो होतो. त्याचा आवाज कानाच्या अगदी आत आला. मागे कुणी माती मळत असावं, पोरं ओरडत होती.

"मिस्तरी?" तो म्हणाला. "बोला."

मी सगळं सांगितलं. बडापासून. चिठ्ठी, डबी, बुवा, डॉक्टर. म्हटलं, चूक तुझी नव्हती, माझी होती, मी लिहून दिलं आहे, साहेबांना सगळं माहीत आहे.

मग तो म्हणाला, "डावा कान काय?"

"डावा."

"हां," तो म्हणाला. "मग आता कळला मला. त्या दिवशी सकाळी मी तुमाला बोललो व्हतो, मिस्तरी. बेअरिंग हाताला चटका देतंय, बंद करून बगा. दोन येळा बोललो. तुमी वहीत लिवत व्हतात. माझ्याकडं बगितलं पन नाय. मला वाटला, मोटी मान्सं, आमचा काय आयकायचा हाय त्यांना. म्हनून मंग मी गप बसलो."

मी विचारलं, तू कुठे उभा होतास. विचारायची काही गरज नव्हती. शिडीच्या त्या फळीवर उजवीकडे रेलिंग आहे, माणूस उभा राहील तर एकाच बाजूला राहील.

"तुमच्या डावीकडंच की," तो म्हणाला. "सा वर्सं तितंच तर उबा व्हतो."